रीडर संपला, आता खरा लेख: कोणता शब्द शोधायचा आणि कोणता सोडायचा

'डेम राइन गेट डास वासर आउस.' एका जर्मन बातमीचा मथळा असा आहे असं समजा. सहा शब्द आहेत आणि जर्मन शिकायला लागून सहा महिने झालेल्या माणसाला सहाही ठाऊक असतात. राइन म्हणजे नदी, वासर म्हणजे पाणी, गेट म्हणजे जातो, आउस म्हणजे बाहेर. तरी अर्थ लागत नाही. 'राइनला पाणी बाहेर जातं'? म्हणजे पूर आलाय का? पूर तर नाहीच, उलट नदी आटत चालल्याची ही बातमी आहे.

बी१ म्हणजे मधल्या पातळीचे सात-आठ रीडर, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेली पुस्तकं, भराभर वाचून संपवलेला माणूस वर्तमानपत्राकडे वळतो, तेव्हा पहिल्या ओळीत त्याचं असं होतं. मग तो फोनवर शब्दकोश उघडतो आणि एकेका शब्दावर बोट ठेवू लागतो. अर्ध्या तासाने तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचतो, पण पहिल्या परिच्छेदात काय होतं ते तोवर डोक्यातून गेलेलं असतं. हे मी स्वतः केलं आहे आणि पुढे शिकवताना दर वर्षी कोणी ना कोणी करताना पाहिलं आहे. बहुतेकांची समजूत होते की आपले शब्द कमी पडले, म्हणून ते पुन्हा रीडरकडे जातात. शब्द कमी पडतात हे खरंच. पण ते नेमके किती कमी पडतात, कुठले कमी पडतात आणि त्यातले किती शोधले की लेख उघडतो, याचा हिशोब मांडता येतो. या लेखात मी तोच मांडणार आहे. उदाहरणं जर्मनची आहेत, कारण ती भाषा मी शिकवतो. हिशोब मात्र स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी कशालाही लागू पडेल.

आधी रीडरबद्दल थोडं. शिकणाऱ्यांसाठी ठरावीक शब्दांत लिहिलेली पुस्तकं ही कल्पना जुनी आहे. १९२० च्या दशकात मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्यात शिकवत होते. मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत एकदाच येऊन गायब होणारे दुर्मिळ शब्द भरमसाट आहेत, हे त्यांना दिसलं. त्यांनी ते काढून त्यांच्या जागी रोजचे शब्द घातले आणि नवे शब्द थोड्याथोड्या अंतराने, पुन्हा पुन्हा येतील अशी सोय केली. आजचे रीडर याच तत्त्वावर उभे आहेत. इंग्रजीतल्या मोठ्या मालिकांची सर्वांत वरची पायरी साधारण अडीच-तीन हजार मूळ शब्दांपाशी थांबते. भाषेचा अभ्यास करणारे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये इंग्रजीची जी मोजणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार वर्तमानपत्रातले किंवा कादंबरीतले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे निघायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं. 'कर, करणं, करणारा, करवणं' हे सगळं मिळून एक कुळ. रीडरची शेवटची पायरी आणि वर्तमानपत्र यांच्यामध्ये म्हणजे पाच-सहा हजार कुळांची दरी आहे. आणखी चार रीडर वाचून ती भरत नाही, कारण तिथले शब्द रीडरमध्ये मुद्दामच ठेवलेले नसतात.

अठ्ठ्याण्णव टक्के हा आकडा कुठून आला? २००० मध्ये मार्सेला हू आणि नेशन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गोष्टीतले काही शब्द काढून त्यांच्या जागी बनावट, निरर्थक शब्द घातले आणि वेगवेगळ्या गटांना वाचायला दिले. ज्यांच्या पानात दर पाचातला एक शब्द अनोळखी होता, त्यांच्यापैकी कोणालाच गोष्ट पुरेशी समजली नाही. दर विसातला एक अनोळखी होता तिथे काहींना समजली, पण बऱ्याच जणांना नाही. बहुतेकांना आधाराशिवाय समजायला दर पन्नासात एकच अनोळखी शब्द चालतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

वाचणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा: पाचशे शब्दांच्या लेखात दहा अनोळखी शब्द असतील तर वाचन सुखाचं, पंचवीस असतील तर कष्टाचं पण शक्य, आणि पन्नास असतील तर नुसत्या अंदाजावर ते तरत नाही. पन्नास शब्द शोधायचे, प्रत्येकाला अर्धा मिनिट, म्हणजे पंचवीस मिनिटं निव्वळ शोधण्यात गेली.

पण हे पन्नास शब्द एकाच तोलामोलाचे नसतात.

कुठलाही खरा लेख घेऊन त्यातले वेगवेगळे शब्द मोजले, तर त्यातले जवळपास निम्मे त्या लेखात एकदाच आलेले दिसतात. उरलेले पुन्हा पुन्हा येतात आणि लेखाचा विषय त्यांच्याच खांद्यावर असतो. राइनवरच्या लेखाचंच उदाहरण मांडून बघू. समजा लेख ४८० शब्दांचा आहे. विशेषनामं आणि आकडे सोडून तुम्ही अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारत गेलात आणि एकूण ४६ रेघा झाल्या. म्हणजे साधारण साडेनऊ टक्के अनोळखी. हू-नेशन यांच्या हिशोबाने हा लेख तुमच्या आवाक्याबाहेरचा. आता त्या ४६ रेघांखाली वेगवेगळे शब्द किती ते बघा. पेगेल सात वेळा, नीड्रिगवासर पाच वेळा, लाडुंग चार वेळा, फाररिने तीन वेळा, टीफगांग तीन वेळा. पाच शब्दांच्या बावीस रेघा झाल्या. उरलेल्या चोवीस रेघा चोवीस निरनिराळ्या शब्दांच्या, प्रत्येकी एक. तुम्ही फक्त ते पाच शब्द शोधले की अनोळखी जागा ४६ वरून २४ वर येतात. ४८० मध्ये २४ म्हणजे बरोबर पाच टक्के. अडीच मिनिटांत लेख 'अशक्य'मधून 'कष्टाचा पण शक्य' या गटात आला. याच अडीच मिनिटांत एकेकदा आलेले पाच शब्द शोधले असते, तर रेघा ४१ उरल्या असत्या आणि लेख होता तिथेच राहिला असता.

हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण प्रमाण असंच काहीसं निघतं. आपल्या लेखावर पेन्सिल चालवून कोणीही पडताळून पाहू शकतो. म्हणून पहिलं वाचन शब्दकोशाशिवाय, शेवटपर्यंत करायचं. आपण समजण्याचं नाटक करावं म्हणून नव्हे. लेख संपेपर्यंत कुठला शब्द सात वेळा येणार आणि कुठला एकदाच येऊन जाणार, हे कळायला दुसरा मार्गच नाही. पहिल्या परिच्छेदात दोन्ही सारखेच दिसतात.

आता हे पाच शब्द काय आहेत ते बघू, कारण अंदाज कुठे चालतो आणि कुठे फसतो हे त्यांच्यातच दिसतं.

नीड्रिगवासर: नीड्रिग म्हणजे कमी उंचीचं, खालचं, वासर म्हणजे पाणी. नदीचं पाणी खूप उतरलेलं असण्याची स्थिती. जर्मनमधले असे लांब जोडशब्द मराठी वाचकाने घाबरण्याजोगे नाहीत, कारण ते आपल्या तत्पुरुष समासासारखेच असतात. राजवाडा हा एक वाडा असतो, पाणीपट्टी ही एक पट्टी असते. तसंच जर्मन जोडशब्दाचं शेवटचं पद वस्तू काय आहे ते सांगतं आणि आधीची पदं तिचा प्रकार सांगतात. फ्राख्टशिफ हे एक शिफ, म्हणजे जहाज. कुठलं तरी विशिष्ट जहाज एवढं कळलं तरी वाक्य पुढे सरकतं. मालवाहू की आणखी कसलं, हे पुढची वाक्यं सांगतात. एकेकदा येणाऱ्या चोवीस शब्दांपैकी असे जोडशब्द बरेच असतात आणि शेवटच्या पदावरून ते सोडवून पुढे जाता येतं.

टीफगांगला मात्र ही युक्ती फसते. टीफ म्हणजे खोल, गांग म्हणजे चाल. 'खोल चाल' म्हणजे काय? प्रत्यक्षात हा जहाजाचा डुबाव आहे, म्हणजे जहाजाचा किती भाग पाण्याखाली असतो ते माप. माल जास्त भरला की जहाज जास्त बुडतं, टीफगांग वाढतो. वाक्य साधारण असं असतं की जहाजं निम्माच माल भरताहेत, म्हणजे टीफगांग कमी राहील. इथे शब्दाच्या पोटात शिरून काही मिळत नाही, पण वाक्यातल्या कारण-परिणामाकडे पाहिलं तर मिळतं. अंदाज करायचाच असेल तर आधी वाक्याकडे पाहावं आणि मग शब्दाच्या तुकड्यांकडे. बहुतेक जण उलट करतात. शब्दाच्या तुकड्यांवरून एक अर्थ ठरवतात आणि मग वाक्य त्या अर्थाला बसेल असं वाकवतात. संशोधक बाटिया लाउफर यांनी शब्दांच्या या फसव्या ओळखीवर बरंच लिहिलं आहे. शब्द अनोळखी आहे हे कळलं तर माणूस सावध तरी होतो. ओळखीचा वाटणारा शब्द चुकीचा वाचला जातो आणि त्याच्याखाली रेघही पडत नाही.

लाडुंग म्हणजे जहाजावर लादलेला माल, आणि फाररिने म्हणजे नदीच्या पात्रातली जहाजं जातात ती खोल वाट. हे दोन सरळ आहेत.

पेगेलकडे जरा थांबू. लेखात येतं की काऊब या गावाजवळचा पेगेल ४० सेंटीमीटरवर आला आहे. अंदाज काय होईल? पेगेल म्हणजे पाण्याची खोली. वाक्यात तो अर्थ चपखल बसतो. पण पुढच्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं की जहाजं कमी माल घेऊन अजून जाताहेत. चाळीस सेंटीमीटर पाण्यातून मालवाहू जहाज? गुडघ्याएवढ्या पाण्यातून? इथे मनात खटकलं पाहिजे. पेगेल म्हणजे पाणीपातळी मोजण्याची पट्टी आणि तिच्यावरचा आकडा. त्या पट्टीचं शून्य नदीच्या तळाशी नसतं, त्यामुळे जहाजांच्या वाटेतलं पाणी या आकड्यापेक्षा बरंच खोल असतं. काऊबला साधारण एक मीटरहून जास्त फरक पडतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ सेंटीमीटरपर्यंत उतरला होता, तरी नदी कोरडी पडली नव्हती.

चुकीचा अंदाज ओळखायची हीच खूण आहे. ज्या वाक्यात अंदाज केला त्या वाक्यात तो नेहमीच बसतो, कारण आपण तो बसवलेलाच असतो. त्याची परीक्षा पुढच्या वेळी तोच शब्द येतो तेव्हा होते. सात वेळा येणाऱ्या शब्दाची अशी सहा वेळा परीक्षा होते, म्हणून त्याच्याबाबत थोडं चुकलं तरी लेखच दुरुस्त करतो. एकदाच येणाऱ्या शब्दाचा अंदाज कोणीच तपासत नाही. म्हणून तो वहीत लिहून पाठ करू नये. अर्थ धूसर राहू द्यावा आणि पुढे जावं.

एवढ्यावर कोणी म्हणेल की मग नियम सोपा आहे: जास्त वेळा येतो तो शोधा, एकदाच येतो तो सोडा. याला एक मोठा अपवाद आहे आणि तो न सांगितला तर ही पद्धत घात करील. काही छोटे शब्द एकदाच येतात आणि वाक्य उलटं करून जातात.

'श्वेर बेलाडेने शिफे क्योनेन हीर काउम नॉख फारेन.' जड माल भरलेली जहाजं, शकतात, इथे, काउम, अजून, जाऊ. काउम सोडून दिला तर अर्थ होतो 'जड जहाजं इथून अजून जाऊ शकतात'. काउम म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. बातमी नेमकी उलटी आहे: जड जहाजांना इथून आता जाताच येईनासं झालं आहे. एक शब्द सोडला आणि लेखाचा निष्कर्ष फिरला. असेच ट्रोट्झ (असूनही), डेनॉख (तरीही), एस झाय डेन (तसं नसेल तर), आंगेब्लिख (हा तर आपला 'म्हणे', सांगणारा स्वतः हमी घेत नाही). यांना मी बिजागरीचे शब्द म्हणतो, कारण वाक्य यांच्यावर फिरतं. हे जागच्या जागी शोधावेत, पहिल्याच वाचनात. त्यांची संख्या मर्यादित आहे. जर्मनमध्ये पन्नास-साठ शब्दांची यादी केली की बातम्यांतले बहुतेक त्यात येतात, आणि ते प्रत्येक विषयात लागतात. पेगेल फक्त नदीच्या लेखात कामाला येईल, काउम सगळीकडे येईल. वहीत लिहून पाठ करण्यासारखे शब्द असतील तर ते हेच.

बिजागरी ओळखायची कशी, ती तर अनोळखी आहे? आकाराने आणि जागेवरून. शब्द छोटा असतो, जर्मनमध्ये त्याचं पहिलं अक्षर मोठं नसतं म्हणजे तो नाम नसतो, आणि तो क्रियापदाच्या आसपास किंवा दोन उपवाक्यांच्या सांध्यावर बसलेला असतो. नाम सोडलं तर काय घडलं ते कळतं, कशाबद्दल ते पुसट राहतं. सांध्यावरचा शब्द सोडला तर घडलं की नाही घडलं, हेच कळत नाही.

आता त्या मथळ्याकडे येऊ, कारण तिथे तिसऱ्याच प्रकारची अडचण आहे: सगळे शब्द माहीत असूनही अर्थ न लागणं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला 'चालणं' आणि 'जाणं' दोन्ही माहीत असतात. तुम्ही त्याला म्हणालात, 'असू दे, चालून जाईल', तर तो वाट पाहील की कोण चालत जाणार आहे. गेट आणि आउस यांचं तसंच आहे. हे दोन शब्द नाहीतच. मूळ क्रियापद आउसगेएन, म्हणजे संपत येणं. वाक्यात त्याचं डोकं तुटून शेवटी जाऊन बसतं. 'राइनचं पाणी संपत चाललंय' असा तो मथळा आहे. लेखातही 'डेर वासरश्टांड निम्ट झाइट वोखेन अब' असं वाक्य भेटेल. निम्ट म्हणजे घेतो, हे पहिल्या महिन्यात शिकवलेलं असतं. पण शेवटचा अब त्याला जोडून अबनेमेन केलं की अर्थ होतो कमी होणं, उतरणं: आठवड्यांपासून पाणी उतरत आहे. शब्दकोशात निम्ट शोधून हे कधीच सापडणार नाही, आणि शब्दावर बोट ठेवल्यावर अर्थ दाखवणारी सोयही बहुतेक वेळा 'घेतो' एवढंच दाखवते. वाक्याच्या शेवटी एखादा छोटा शब्द एकटाच लोंबकळत असेल, तर तो उचलून क्रियापदाला जोडायचा आणि मग शोधायचं.

असाच एक फसवा शब्द झोल. वर्गात शिकवतात: झोलेन म्हणजे करायला हवं. बातमीत येतं, 'डेर पेगेल झोल वाइटर झिंकेन'. 'पातळी आणखी उतरायला हवी' असं वाचलं तर जणू कोणाची तशी इच्छा आहे. बातमीच्या भाषेत याचा अर्थ 'पातळी आणखी उतरेल असा अंदाज आहे'. शब्द ओळखीचा असल्याने रेघ पडत नाही, म्हणून हे रेघा मोजून सापडत नाही. सापडतं ते वाक्य विचित्र वाटण्यातून. ओळखीच्या शब्दांचं वाक्य विचित्र वाटलं की अनोळखी शब्दापेक्षा तिथे जास्त वेळ द्यावा, अशी माझी ठाम शिफारस आहे. रीडरमधून बाहेर पडताना अडतं ते बहुतेक इथेच.

रीडरमध्ये नसलेली आणखी एक गोष्ट वाक्यरचनेत आहे, आणि तिथे आपण मराठी बोलणारे नशीबवान आहोत. जर्मन बातमीत 'डी झाइट वोखेन आनहाल्टेंडे ट्रोकेनहाइट' अशी रचना सर्रास येते. डी या उपपदानंतर नाम यायला हवं, पण मध्येच 'आठवड्यांपासून टिकून असलेली' एवढं सगळं घुसतं आणि नाम शेवटी येतं. रीडर लिहिणारे ही रचना टाळतात, त्यामुळे पहिल्यांदा भेटली की शब्द कळूनही वाक्य विस्कटतं. इंग्रजीतून जर्मन वाचू पाहणाऱ्याला ती उलटी वाटते. मराठीत मात्र आपण अगदी तसंच म्हणतो: आठवड्यांपासून टिकून असलेली कोरड. शब्द त्याच क्रमाने. मनातल्या मनात इंग्रजीत भाषांतर करत जर्मन वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की या वाक्यांपुरतं तरी थेट मराठीत या. उपपद दिसलं आणि पाठोपाठ नाम आलं नाही, तर नाम सापडेपर्यंत पुढे जायचं आणि मधलं सगळं 'असलेला-झालेला' करून वाचायचं.

तर राइनच्या लेखाचं काम प्रत्यक्षात असं होतं. पहिलं वाचन: पेन्सिल हातात, शब्दकोश बंद, फक्त बिजागरीच्या शब्दांना सूट. मग रेघा मोजायच्या आणि तीन किंवा जास्त वेळा आलेले शब्द वेगळे काढायचे. ते सहसा चार ते सात निघतात. तेवढे शोधायचे, अर्थ पानाच्या कडेला लिहायचा. दुसरं वाचन: आता विचित्र वाटणाऱ्या वाक्यांपाशी थांबायचं, क्रियापदाला तुटलेलं डोकं जोडायचं. शेवटी लेख झाकून मराठीत चार ओळी लिहायच्या: काय झालं, का झालं, कोणाला फटका बसला, पुढे काय होईल. राइनच्या बाबतीत त्या ओळी साधारण अशा निघाव्यात: बरेच आठवडे पाऊस नसल्याने राइनचं पाणी उतरलं आहे, काऊबचा आकडा ४० वर आला आहे, जहाजं निम्माच माल भरताहेत, त्यामुळे तोच माल न्यायला जास्त फेऱ्या आणि जास्त खर्च, पाऊस लवकर नाही, म्हणून पातळी आणखी उतरण्याचा अंदाज आहे. या चार ओळी लिहिता आल्या तर उरलेले वीसेक शब्द न शोधता लेख संपला असं समजावं. एखादी ओळ लिहिताच येत नसेल, तर कुठला परिच्छेद हरवला ते त्या ओळीवरूनच कळतं, आणि तेवढ्याच परिच्छेदात पुन्हा जायचं.

नंतर सवड असेल तर एकेकदा आलेल्या शब्दांपैकी कुठले ठेवायचे ते ठरवता येतं. ड्यूडेनच्या ऑनलाइन शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे तो किती वापरात आहे हे दाखवणारी पाच चौकटींची पट्टी असते. तीन किंवा जास्त चौकटी भरलेल्या असतील तर शब्द पुन्हा भेटेल, तो लेखातल्या वाक्यासकट लिहून ठेवावा. एकच चौकट भरलेली असेल तर सोडून द्यावा. इंग्रजीच्या मोठ्या शिकाऊ शब्दकोशांतही वापराच्या अशा खुणा असतात.

लेख निवडतानाही याच मोजणीचा उपयोग होतो. सुरुवातीचे शंभर शब्द मोजा, मथळा वगळून. मथळे शब्दांशी खेळतात, त्यांच्यावरून पातळी ठरवू नये. अनोळखी शब्द दोनापर्यंत असतील तर निर्धास्त वाचा. तीन ते दहाच्या मध्ये असतील तर वर सांगितलेली पद्धत लागेल. त्यापलीकडे असतील तर त्या विषयात अजून सोपं काही शोधा. तिथे जिद्द दाखवून उपयोग नसतो, कारण इतक्या दाटीत अंदाजाला आधार देणारे शब्दच अनोळखी असतात. लेखाचा प्रकारही बघावा. काय झालं आणि का झालं ते सांगणारी बातमी सोपी. संपादकीय, विनोदी स्फुट, नाटक-सिनेमाची परीक्षणं अवघड, कारण तिथे लेखक वाचकाला बरंच काही आधीच माहीत आहे असं धरून लिहितो. जर्मनसाठी मधली पायरीही तयार आहे. डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओचं 'नाखरिख्टेनलाइख्ट' आठवड्याच्या बातम्या सोप्या भाषेत देतं आणि अवघड शब्दांचा अर्थ तिथेच सांगतं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या 'लांगझाम गेश्प्रोखेने नाखरिख्टेन'मध्ये बातम्या सावकाश वाचलेल्या असतात आणि सोबत मजकूर असतो. ही भाषा शिकणाऱ्यांसाठी सोपी केलेली नाही, म्हणून पहिल्यानंतर दुसरं. आणि ज्या घटनेबद्दल मराठीत आधी वाचलं आहे तिच्यापासून सुरुवात केली तर पेगेलसारखे शब्द निम्मे आपोआप उलगडतात. यात फसवणूक काही नाही. जर्मन वाचकही ती बातमी आदल्या दिवशीची पार्श्वभूमी घेऊनच वाचत असतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. भाडेकरार, औषधाची माहितीपत्रिका, व्हिसाचा अर्ज अशा मजकुराला यातलं काहीही लागू करू नये. तिथे एकदाच आलेला शब्दही निर्णायक असू शकतो. प्रत्येक शब्द शोधावा किंवा जाणकाराकडून वाचून घ्यावं.

राइनचा लेख झाला की काय वाचायचं, हा प्रश्न राहतो. बहुतेक जण विविधता हवी म्हणून दुसऱ्या दिवशी निवडणुकीवरचा लेख उघडतात, आणि पुन्हा ४६ रेघा मारतात. त्याऐवजी राइनवरच दुसरा लेख घ्यावा, दुसऱ्या वर्तमानपत्रातला किंवा दुसऱ्या कोरड्या वर्षातला. एकाच विषयावर सलग वाचावं असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन १९८१ पासून सांगत आले आहेत, आणि कारण आपल्या हिशोबात दिसतंच: बावीस रेघा ज्या पाच शब्दांच्या होत्या ते पाचही आता ओळखीचे आहेत. दुसरा लेख सुरुवातीलाच पाच-सहा टक्क्यांवर असतो, तिसरा त्याहून खाली. पेगेल आणि लाडुंग तोवर वीस-पंचवीस वेळा डोळ्यांखालून गेलेले असतात आणि न लिहिता, न घोकता बसलेले असतात. चार-पाच लेखांनंतर विषय बदलायचा तोही शेजारचा: नदीवरून दुष्काळ, दुष्काळावरून शेती, शेतीवरून किमती. प्रत्येक वळणावर रेघा पुन्हा वाढतील, पण निम्मे शब्द मागच्या विषयातून सोबत येतील. बिजागरीचे शब्द तर सगळेच सोबत येतात. थेट निवडणुकीवर किंवा फुटबॉलवर उडी मारली की रेघा पुन्हा चाळीसच्या वर जातात. तसं झालं तर आपण मागे गेलो असं समजू नये. त्या विषयाचे पाच शब्द अजून शोधायचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.